शून्य जाडीची भिंत

आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालायची नायलॉनची एक लांब दोरी आहे. संध्याकाळी कपडे काढून झाले, की ती रिकामी ताणलेली असते. तिच्या एका टोकाजवळ हाताने आडवा हिसका दिला, तर एक उंचवटा दोरीवरून सरसर धावत जातो, पलीकडच्या खिळ्यावर आदळतो आणि उलटा होऊन परत येतो. हा खेळ बहुतेकांनी लहानपणी केलेला असतो. आता त्यात एकच बदल करू या. दोरीच्या मधोमध दोन रबर बांधायचे, एकाचे टोक डावीकडच्या कठड्याला आणि दुसऱ्याचे उजवीकडच्या. दोरी जागेवर असली की दोन्ही रबरांची ओढ सारखी असते आणि ती एकमेकींना खोडते. दोरी मधोमध बाजूला सरकली, की रबर तिला परत जागेवर खेचू पाहतात. जितकी जास्त सरकेल, तितकी जास्त ओढ.

आता हात सावकाश फिरवून लांबलचक, पसरट उंचवटा सोडा. रबरापाशी पोचल्यावर त्याचा बराच भाग उलटा होऊन माघारी येतो आणि थोडासाच पुढे जातो. मग मनगटाने झटकन हिसका देऊन वीतभर लांबीचा टोकदार उंचवटा सोडा. तो रबर जणू नसल्यासारखा पलीकडे निघून जातो. रबर नुसते थरथरतात.

ज्या क्षणी उंचवटा रबरापाशी असतो, त्या क्षणी दोरीकडे नीट पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. इतर सगळीकडे दोरी गुळगुळीत वळलेली असते, पण रबर बांधलेल्या जागी तिला कोन पडतो. दोरी तुटत नाही, पण तिचा डावीकडचा उतार आणि उजवीकडचा उतार जुळत नाहीत. उतारातला हा फरक त्या जागी दोरी किती सरकली आहे, याच्या सरळ प्रमाणात असतो.

पुंजभौतिकीतल्या ‘डेल्टा फलन अडथळ्या’चे गणित अक्षरशः हेच आहे. दोरीच्या जागी इलेक्ट्रॉनचे तरंगफलन ठेवा आणि रबराच्या जागी एक विलक्षण भिंत. तिची जाडी शून्य आणि उंची अनंत.

अनंत उंचीच्या भिंतीतून काही पलीकडे कसे जाईल, असा प्रश्न इथे पडायलाच हवा. त्यासाठी ही भिंत कशी तयार होते ते पाहू. एक साधी चौकोनी भिंत घ्या. तिची उंची ३.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि जाडी ०.१ नॅनोमीटर. इथे उंची म्हणजे ऊर्जा, म्हणजे तेवढी ऊर्जा असल्याशिवाय साधा चेंडू ती ओलांडू शकणार नाही. उंची आणि जाडी यांचा गुणाकार ०.३९. आता भिंत दहापट बारीक करा आणि दहापट उंच करा. गुणाकार तोच राहिला. पुन्हा दहापट बारीक, पुन्हा दहापट उंच. असे करत गेलो की जाडी शून्याकडे जाते, उंचीला मर्यादा राहत नाही, पण गुणाकार ०.३९ इलेक्ट्रॉन व्होल्ट-नॅनोमीटर इतकाच राहतो. या गुणाकाराला अडथळ्याचे बल म्हणू या आणि α हे चिन्ह देऊ या. ही काही ढकलण्याची ताकद नव्हे, अडथळा किती जबर आहे त्याचे माप आहे.

कॅरम खेळणाऱ्याला ही कल्पना परकी वाटू नये. स्ट्रायकर सोंगटीला भिडतो तो क्षण इतका लहान असतो, की त्या क्षणात जोर कसा चढला आणि कसा उतरला याच्याशी सोंगटीला कर्तव्य नसते. एकूण धक्का किती बसला, एवढ्यावरच ती किती वेगाने सुटेल ते ठरते. वेळेच्या बाबतीत जो धक्का, तोच जागेच्या बाबतीत डेल्टा अडथळा. पॉल डिरॅक यांनी हे फलन पुंजभौतिकीत आणले आणि १९३० साली आलेल्या त्यांच्या पुस्तकातून ते रूढ झाले. एका बिंदूवर अनंत, बाकी सगळीकडे शून्य आणि खालचे क्षेत्रफळ मात्र एक, असल्या फलनाला नेहमीच्या गणितात जागा नव्हती. फ्रेंच गणिती लॉरां श्वार्त्झ यांनी १९४० च्या दशकात त्याला पक्का पाया दिला, आणि १९५० साली त्यांना फील्ड्स पदक मिळाले.

आता प्रत्यक्ष पायऱ्या. श्रोडिंजरचे समीकरण सांगते, की तरंगफलन एखाद्या जागी किती वळते हे तिथली भिंतीची उंची वजा कणाची ऊर्जा, गुणिले तिथले तरंगफलनाचे मूल्य, यावर अवलंबून असते. वळण म्हणजे उताराचा बदल. भिंतीच्या अगदी चिंचोळ्या पट्टीतले सगळे वळण एकत्र मोजले, तर पट्टी ओलांडताना उतार एकंदर किती बदलला ते मिळते. पट्टी शून्य जाडीची झाली की कणाच्या ऊर्जेचा वाटा नाहीसा होतो, कारण ऊर्जा गुणिले शून्य जाडी म्हणजे शून्य. भिंतीचा वाटा मात्र उरतो, कारण तिचे क्षेत्रफळ α आहे. म्हणून

```
उतारातील उडी = (2mα/ħ²) × ψ(0)
```

इथे m हे कणाचे वस्तुमान, ħ हा प्लांकचा स्थिरांक भागिले 2π, आणि ψ(0) म्हणजे अडथळ्याच्या जागी तरंगफलनाचे मूल्य. दोरीचा कोन तो हाच. उंची अनंत असूनही उडी अनंत नाही, म्हणून लाट पलीकडे जाऊ शकते. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे: कण अडथळ्याची उंची मोजत नाही, तो क्षेत्रफळ मोजतो.

यापुढचे गणित बारावीच्या विद्यार्थ्यालाही झेपेल. डावीकडून 1 इतक्या उंचीची लाट येते, r इतकी परत फिरते, t इतकी पुढे जाते. तरंगफलन तुटायचे नाही, म्हणून 1 + r = t. दुसरी अट वरच्या उतारातल्या उडीची. दोन समीकरणे, दोन अज्ञाते. सोडवली की t = 1/(1 + iZ) मिळते, आणि पलीकडे जाण्याची शक्यता म्हणजे या संख्येच्या मापाचा वर्ग:

```
T = 1/(1 + Z²),   Z = mα/(ħ²k)
```

k म्हणजे लाट किती दाट आहे त्याचे माप. कणाची ऊर्जा जास्त असेल तर k मोठा आणि लाट आखूड.

विद्यार्थी इथे एक ठरावीक चूक करतात. चौकोनी भिंतीची उदाहरणे सोडवून त्यांच्या हाताला सवय झालेली असते, म्हणून ते उतारही दोन्ही बाजूंनी सारखा धरतात. तसे केले की T बरोबर 1 येते. अडथळा किती का जबर असेना, सगळे इलेक्ट्रॉन आरपार! उत्तरात α कुठेच दिसत नाही, यावरूनच चूक ओळखता येते. दुसरी चूक α ला ऊर्जा समजण्याची. ती ऊर्जा गुणिले लांबी आहे. Z मध्ये एककांची काटछाट होऊन निव्वळ संख्या उरली नाही, तर कुठेतरी घसरलो हे नक्की.

हे सूत्र मला आणखी एका रूपात जास्त आवडते. Z चा वर्ग ऊर्जेच्या भाषेत लिहिला, की सगळ्या चिन्हांतून एकच ऊर्जा बाहेर पडते:

```
E₀ = mα²/(2ħ²),   T = E/(E + E₀)
```

कणाची ऊर्जा भागिले कणाची ऊर्जा अधिक अडथळ्याची स्वतःची ऊर्जा, इतके साधे. E₀ ही अडथळ्याची उंची नव्हे, उंची तर अनंत आहे. ही त्याची ‘अर्ध्या वाटणीची ऊर्जा’ आहे: येणाऱ्या कणाची ऊर्जा E₀ इतकी असेल, तर निम्मे पलीकडे जातात आणि निम्मे परत फिरतात.

आपल्या ०.३९ च्या अडथळ्यासाठी आकडे घालून पाहू. इलेक्ट्रॉनसाठी ħ²/m ची किंमत ०.०७६२ इलेक्ट्रॉन व्होल्ट गुणिले नॅनोमीटरचा वर्ग इतकी असते. त्यावरून E₀ जवळजवळ नेमका १ इलेक्ट्रॉन व्होल्ट येतो. (हिशेब सोपा व्हावा म्हणूनच ०.३९ निवडले.) आता पाव इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन सोडले, तर शंभरातले २० पलीकडे जातात. १ इलेक्ट्रॉन व्होल्टचे ५०. ४ चे ८०. ९ चे ९०. शंभरातले ९९ पलीकडे जावेत असे वाटत असेल, तर ऊर्जा ९९ इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत न्यावी लागते. सुरुवातीला आलेख झपाट्याने वर चढतो आणि पुढे नुसता रेंगाळतो. कितीही ऊर्जा दिली तरी पूर्ण १०० कधीच होत नाहीत.

ऊर्जा १ इलेक्ट्रॉन व्होल्टवर ठेवून अडथळ्याचे बल वाढवले तर काय होते? E₀ मध्ये α चा वर्ग आहे. बल दुप्पट केले की E₀ चौपट होते, म्हणजे ४, आणि शंभरातले २० जातात. तिप्पट केले की E₀ ९ होते आणि १० जातात. दहापट केले की E₀ १०० होते आणि जेमतेम एक जातो. म्हणजे बल दुप्पट करून जे नुकसान होते, ते ऊर्जा चौपट केली की नेमके भरून येते. बल आणि ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी वाटल्या, तरी अडथळ्याला दिसते ते त्यांचे एकच गुणोत्तर.

जास्त ऊर्जेचा कण जास्त सहज जाणार, यात विशेष ते काय, असे कुणाला वाटेल. म्हणून पुन्हा गच्चीवर जाऊ. रबर सोडून टाका आणि त्या जागी दोरीला चारपाच जड चिमटे एकत्र लावा. आता उलटे घडते. लांब, सावकाश उंचवटा चिमट्यांना अलगद उचलून पुढे जातो, आणि आखूड, झटपट उंचवटा मात्र त्या वजनाला तितक्या लवकर हलवू शकत नाही व माघारी फिरतो. चिमट्यांपाशीही दोरीला कोन पडतो, पण तो कोन दोरी किती वेगाने हेलकावते यावरही ठरतो. रबराच्या कोनाला हेलकाव्याच्या वेगाशी काही देणेघेणे नाही. डेल्टा अडथळा रबरासारखा आहे. त्याची उडी ठरलेली, आणि लाट आखूड झाली की तिचे स्वतःचे उतारच इतके तीव्र होतात, की त्यापुढे ही उडी किरकोळ ठरते. ऊर्जेबरोबर पारगमन वाढते ते या कारणाने, ‘जोर जास्त म्हणून भिंत फोडली’ या कारणाने नव्हे.

यातच या अडथळ्याचा सर्वांत सुंदर गुण दडला आहे, आणि पाठ्यपुस्तके त्याच्याकडे फारशी वळत नाहीत. उतारातली उडी ψ(0) च्या प्रमाणात आहे. मग अडथळ्याच्या जागी लाटेचे मूल्यच शून्य असेल तर? उडी शून्य. त्या लाटेच्या लेखी अडथळा नाहीच. दोरी रबरापाशी जागची हललीच नाही, तर रबर ओढणार कशाला?

येणारी कोणतीही लाट दोन भागांत विभागता येते. एक भाग ज्या बिंदूशी अडथळा आहे तिथे शून्य असतो, ती साइन लाट. दुसऱ्याचा माथा बरोबर त्या बिंदूवर असतो, ती कोसाइन लाट. साइन भागाला अडथळा दिसत नाही, तो जसाच्या तसा राहतो. कोसाइन भागाला अडथळा पुरता भोवतो, पण अडवून धरत नाही, फक्त दोन्ही बाजूंना एका ठरावीक कोनाने सरकवतो. हा सरकण्याचा कोन δ म्हटला, तर त्याचा टॅन म्हणजे नेमका आपला Z:

```
tan δ = Z,   T = cos² δ
```

सगळी कहाणी या एका कोनात आली. दुबळा अडथळा किंवा वेगवान कण असेल तर कोन शून्याच्या जवळ राहतो आणि सगळे पलीकडे जाते. ऊर्जा E₀ इतकी असेल तर कोन बरोबर ४५ अंश होतो आणि निम्मे-निम्मे वाटले जाते. अडथळा अतिशय जबर किंवा कण अतिशय मंद असेल तर कोन ९० अंशांकडे जातो. मग कोसाइन लाट सरकून सरकून दोन्ही बाजूंना साइनच्याच आकाराची होते. उजवीकडे ती मूळ साइन भागाला खोडून काढते आणि पलीकडे काही उरत नाही. डावीकडे दोन्ही भागांची बेरीज होते आणि लाट पूर्णपणे परत फिरते. अडथळ्याने काही गिळले नाही की थोपवून धरले नाही. दोन भागांपैकी एकाची चाल थोडी बदलली, आणि त्यांच्या बेरजेत पारगमन आणि परावर्तन दोन्ही ठरले.

सूत्रात α चा वर्ग आहे, म्हणून α ऋण केला तरी T तोच राहतो. ऋण α म्हणजे भिंतीऐवजी खड्डा, शून्य रुंदीचा आणि अनंत खोल. त्यावरून जाणारा चेंडू कधी मागे फिरेल का? लाट मात्र भिंतीवरून जितकी परतते, तितकीच खड्ड्यावरूनही परतते. फरक पडतो तो सरकण्याच्या दिशेत, कोन ऋण होतो. शिवाय खड्ड्याला भिंतीपाशी नसलेली एक गोष्ट मिळते: त्यात एक इलेक्ट्रॉन अडकून राहू शकतो, फक्त एकाच ऊर्जेला. ती ऊर्जा शून्याखाली नेमकी E₀ इतकी असते. भिंतीसमोर निम्म्या वाटणीसाठी लागणारी ऊर्जा आणि तेवढ्याच बलाच्या खड्ड्यात अडकलेल्या इलेक्ट्रॉनला सोडवायला लागणारी ऊर्जा एकच आहे. खरे तर 1/(1 + iZ) या सूत्राचा छेद ज्या ऊर्जेला शून्य होतो, तीच ही अडकण्याची ऊर्जा.

आता खऱ्या भिंती. निसर्गात शून्य जाडीचे काही नसते, मग या सूत्रावर किती विसंबायचे? पडताळून पाहणे सोपे आहे, कारण चौकोनी भिंतीचे नेमके सूत्रही आपल्याकडे आहे. आपली मूळ भिंत, ३.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट उंच आणि ०.१ नॅनोमीटर जाड, आणि समोर १ इलेक्ट्रॉन व्होल्टचा इलेक्ट्रॉन. नेमके उत्तर सुमारे ४४ टक्के येते. डेल्टाचे उत्तर ५० टक्के. वाईट नाही. तीच भिंत दहापट बारीक आणि दहापट उंच केली, की नेमके उत्तर ४९ टक्क्यांवर येते.

आता उलट दिशेने जा. भिंत १ नॅनोमीटर जाड करा आणि उंची ०.३९ वर आणा. क्षेत्रफळ तेच, म्हणून डेल्टा अजूनही ५० टक्केच सांगते. नेमके उत्तर मात्र जवळजवळ ९७ टक्के आहे. सूत्र साफ चुकले. कारण १ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे १.२ नॅनोमीटर असते. भिंत जवळजवळ एका लाटेइतकी रुंद झाली, तर ती आता ‘एका बिंदूवर’ राहिली असे म्हणता येत नाही. भिंतीच्या आत लाटेला घडण्या-बिघडण्याला जागा मिळते.

वस्तुमान वाढवले तरी हीच फसगत होते. इलेक्ट्रॉनऐवजी प्रोटॉन घ्या, तेवढ्याच ऊर्जेचा. वस्तुमान १८३६ पट, म्हणून E₀ ही १८३६ पट, आणि सूत्राप्रमाणे दोन हजारांत एखादा प्रोटॉन पलीकडे जायला हवा. पण प्रोटॉनची तरंगलांबी ०.०३ नॅनोमीटरहूनही कमी आहे. इलेक्ट्रॉनला कागदासारखी वाटलेली ०.१ नॅनोमीटरची भिंत प्रोटॉनला जाड तटबंदी आहे. प्रत्यक्षात एकही प्रोटॉन जाणार नाही, असेच म्हणावे लागेल.

जाड भिंतीची ओळख वेगळीच असते. तिच्यात लाट झपाट्याने विरते, आणि जाडी थोडी वाढली तरी पारगमन पटींनी घटते. सूक्ष्म टोक पृष्ठभागाजवळ नेणाऱ्या टनेलिंग सूक्ष्मदर्शकात मधली फट ०.१ नॅनोमीटरने रुंदावली, की प्रवाह सुमारे आठ ते दहा पटींनी उतरतो. डेल्टा अडथळ्यात अशी घसरण नाहीच. तिथे बल दहापट झाले, तरी पारगमन फार तर शंभरपट उतरते. म्हणून त्या सूक्ष्मदर्शकाला हे सूत्र लावू नये. जिथे अडथळा खरोखर एकदोन अणूंइतका बारीक आहे, तिथे मात्र ते चोख चालते.

अशी एक जागा म्हणजे दोन धातूंचा सांधा. एखाद्या धातूचे टोकदार टोक अतिसंवाहकाला नुसते टेकवले, तर त्या स्पर्शात थोडा ऑक्साइड असतो, थोडी मळी, थोडे विस्कटलेले अणू. या सगळ्याचे तपशील कुणालाच माहीत नसतात. १९८२ साली ब्लाँडर, टिंकहॅम आणि क्लॅपवाइक यांनी या सगळ्या अडगळीच्या जागी एकच डेल्टा अडथळा ठेवला. त्यांच्या सिद्धांतात त्याचे माप Z याच अक्षराने लिहितात, आणि ते आपल्या वरच्या सूत्रातलेच Z आहे.

इथे ऊर्जेची एक गंमत लक्षात घ्यायला हवी. तांब्यात वीज वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा सुमारे ७ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, तर प्रयोगात आपण दोनचार हजारांश व्होल्टचाच फरक करत असतो. एवढ्याशा फरकाने k हलत नाही. म्हणून आतापर्यंत ऊर्जेबरोबर बदलणारा Z इथे त्या सांध्याची एक ठाम ओळख बनतो. तांब्यासाठी Z ची किंमत ०.५ घेतली, तर α सुमारे ०.५२ इलेक्ट्रॉन व्होल्ट-नॅनोमीटर येतो, म्हणजे आपल्या सरावाच्या भिंतीपेक्षा फार वेगळा नाही. साध्या धातूंच्या सांध्यात असा अडथळा ८० टक्के इलेक्ट्रॉन जाऊ देतो.

अतिसंवाहकात मात्र इलेक्ट्रॉनला एकट्याने शिरता येत नाही, जोडीनेच शिरावे लागते. सांधा स्वच्छ असेल, Z शून्य असेल, तर येणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन जोडीदार घेऊन आत जातो, आणि कमी व्होल्टतेला संवाहकता साध्या धातूच्या दुप्पट होते. अडथळा असेल, तर दोघांनाही तो ओलांडावा लागतो, म्हणून त्याचा फटका दुहेरी बसतो. अतिशय कमी तापमानाला आणि शून्य व्होल्टतेला गुणोत्तर असे येते:

```
G/Gₙ = 2(1 + Z²)/(1 + 2Z²)²
```

Z ०.३ असेल तर हे सुमारे १.५७ येते. ०.५ ला १.११. Z १ असेल तर ०.४४. पलीकडे ८० टक्के जाऊ देणारा अडथळा दुपटीचा फायदा जवळजवळ संपवून टाकतो, आणि ५० टक्के जाऊ देणारा संवाहकता निम्म्याखाली आणतो. म्हणून प्रयोगशाळेत आलेखाच्या मध्यभागी उंचवटा आहे की खड्डा, एवढे पाहूनच अनुभवी माणूस सांधा स्वच्छ आहे की नाही ते सांगतो. मग गणिताची रेषा मोजलेल्या बिंदूंवर बसवून Z ची किंमत काढतात.

बसवलेली रेषा नेहमी खरे सांगतेच असे नाही. स्पर्शाची जागा फार मोठी झाली, तर इलेक्ट्रॉन वाटेतच ठेचकाळत जातात, आणि एका मर्यादेनंतर तिथला अतिसंवाहक आपला गुण सोडतो. तेव्हा आलेखात दोन्ही बाजूंना टोकदार खळगे दिसतात, जे कोणत्याही Z ने येत नाहीत. हे खळगे सांध्यातून जाणाऱ्या प्रवाहाच्या मर्यादेमुळे पडतात, हे २००४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या गटाने दाखवून दिले. असा आलेख दिसला, की Z काढायचा नाही. टोक उचलायचे आणि पुन्हा टेकवायचे.

आणि सांधा कितीही स्वच्छ केला तरी Z सहसा शून्य येत नाही, याचेही कारण दोरीवर दाखवता येते. जाड दोरीला पातळ दोरी बांधली, तर मध्ये रबर नसतानाही उंचवट्याचा थोडा भाग गाठीवरून परत येतो. दोन धातूंतल्या इलेक्ट्रॉनचे वेग वेगळे असतात, म्हणून त्यांच्या सीमेवरही तेच होते. ब्लाँडर आणि टिंकहॅम यांनी १९८३ साली दाखवले, की वेगांतली ही तफावत त्याच Z मध्ये मिसळून येते. मोजलेल्या Z मधून अडथळ्याचा वाटा किती आणि वेगाचा किती, हे आलेखाच्या आकारावरून वेगळे काढता येत नाही. ते हवे असेल तर तेच टोक दुसऱ्या धातूचे घेऊन पुन्हा मोजावे लागते.